परसाकडे

“आई, पाहुण्यांसमोर मी ‘संडास’ म्हटलं तेव्हा तू डोळे का वटारलेस? मला मराठीत तो एकच शब्द येतो. आणि माई आजी ‘परसाकडे जाते’ म्हणते, म्हणजे ती कुठे जाते?”

प्रिय सानू,

तुझे बोलणे मला लागले, कारण तो शब्द तुला मीच शिकवला आणि त्याची लाजही मीच वाटायला लावली.

वाईच्या आमच्या वाड्यामागे परस होते. तिथे अळू होते, दोन केळी होत्या आणि अगदी टोकाला, विहिरीपासून लांब, संडास होता. ‘परसाकडे जाऊन येते’ असे म्हटले की फक्त दिशा सांगितली जाई आणि बाकीचे ऐकणारा समजून घेई. आप्पांच्या पिढीतले लोक ‘बहिर्दिशेस जाणे’ म्हणत, तीही दिशाच. माई आज पुण्यात चौथ्या मजल्यावर राहते, तिथे परस नाही, तरी तिचा शब्द सुटलेला नाही.

शाळेत आम्ही करंगळी वर करून ‘बाई, एकीला जाऊ?’ असे विचारत असू, आणि दोन बोटे वर केली तर ती बेकी. गंमत अशी की मुठीत चिंचोके लपवून ‘एकी की बेकी?’ विचारायचा आमचा एक खेळही होता. तिसरीत असताना नंदाने मूठ पुढे करून तो प्रश्न विचारला आणि सगळा वर्ग फिदीफिदी हसला. सम आणि विषम सांगणारे ते निष्पाप शब्द होते, पण बोटे वर करून करून आम्हीच त्यांना वास लावला होता.

मोठ्यांच्या भाषेतही हेच झाले आहे. ‘शौच’ हा शब्द ‘शुचि’वरून आला आणि त्याचा मूळ अर्थ शुद्धता. पतंजलीच्या नियमांमध्ये पहिला नियम शौच हाच आहे. सुतकाला ‘अशौच’ म्हणतात तेव्हा तो जुना अर्थ अजून शाबूत दिसतो, पण ‘शौचाला झाली का?’ असे डॉक्टर विचारतात तेव्हा शुद्धता कोणाच्या मनातही येत नाही. ‘टॉयलेट’चा प्रवासही असाच आहे: फ्रेंचमध्ये तो आधी लहानसा कापडाचा तुकडा, मग साजशृंगाराच्या मेजावरचे वस्त्र, मग साजशृंगार, मग त्यासाठीची खोली, आणि शेवटी हे. आपण ‘प्रसाधनगृह’ म्हणतो तेव्हा तोच नटण्यामुरडण्याचा आडोसा घेतो. सभ्य शब्द आणताना आपण तो नेहमी शेजारच्या स्वच्छ गोष्टीकडून उसना आणतो; काही वर्षांत ऐकणाऱ्याच्या मनात मधला आडोसा गळून पडतो, शब्द थेट त्या गोष्टीला जाऊन चिकटतो, आणि पुन्हा नवा शोधावा लागतो. स्टीव्हन पिंकर या भाषाशास्त्रज्ञाने १९९४ मध्ये याला ट्रेडमिलच्या पळत्या पट्ट्याची उपमा दिली होती. मला ती पटते, पण पुरेशी वाटत नाही.

कारण आमचा संडास टोपलीचा होता. मागच्या बोळातून रोज सकाळी एक बाई येई, लहान दार उघडून टोपली ओढून घेई आणि डोक्यावरून मैला घेऊन जाई. त्या बोळाला तिच्या जातीचे नाव होते आणि शाळेत तेच नाव शिवी म्हणून वापरले जाई. ‘संडास’ या शब्दाला नुसत्या घाणीचा नव्हे, तर त्या बोळाचाही वास होता, असे मला आता वाटते. पुढे तिच्या कामाला ‘सफाई कामगार’ असे बरे नाव मिळाले, पण असले संडास बांधण्यावर आणि हाताने मैला उचलायला लावण्यावर बंदी घालणारा केंद्राचा कायदा १९९३ मध्ये झाला, आणि २०१३ मध्ये आणखी कडक कायदा करावा लागला. नाव बदलून तिच्या डोक्यावरचे ओझे उतरले नव्हते.

तरीही आडपडदा अगदी निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. जेवणाच्या पानावर बसलेल्या माणसाला नको ते चित्र दिसू नये, एवढी काळजी त्यात असते आणि ती मला अजून गोड वाटते. मात्र दवाखान्यात त्याच पडद्याने घात होतो. गेल्या वर्षी माई डॉक्टरांना ‘परसाकडे अडचण आहे’ एवढेच सांगत राहिली. त्यांनी बद्धकोष्ठ समजून चूर्ण दिले, आणि रक्त पडते आहे हे नंदा मावशीला दोन महिन्यांनी, धुवायच्या कपड्यांवरून कळले. मूळव्याध निघाली म्हणून निभावले. मी फोनवर रागावले तेव्हा माई म्हणाली, “अगं, परपुरुषासमोर कसं सांगायचं?” त्यावर मला काही बोलता आले नाही, कारण ही लाज मीही तुझ्यापर्यंत पोचवली आहे.

पाहुण्यांसमोर तू कोणता शब्द वापरावास याचा मी आग्रह धरणार नाही. तुझ्या मैत्रिणींमध्ये ‘वॉशरूम’ चालतो, तो वापर. घरी ‘संडास’ म्हण. पण पोटात दुखले, रक्त दिसले, काही वेगळे वाटले, तर मला आणि डॉक्टरांना जसे असेल तसे, त्याच शब्दात सांग. आणि रविवारी माईचा फोन आला की तिच्या परसातल्या केळींबद्दल विचार. तिला सांगायला आवडेल.

तुझी,
आई