आजोबांनाही ‘डेर’ आणि नातीलाही ‘डेर’?

प्रश्न: जर्मन नुकतंच शिकायला लागलोय. ‘आजोबा नातीला अंगठी भेट देतात’ याचं भाषांतर वर्गात ‘डेर ग्रोसफाटर शेंक्ट डेर एंकेलिन आइनेन रिंग’ असं करून दिलं. नात स्त्रीलिंगी, मग तिला ‘डी’ हवं ना? ‘डेर’ कसं आलं? चार विभक्त्यांत आर्टिकल नेमकं कसं बदलतं?

उत्तर: नात इथेही स्त्रीलिंगीच आहे. तिचं ‘डी’ चतुर्थीत गेलं आणि त्याचं ‘डेर’ झालं. आजोबांचं ‘डेर’ मात्र पुल्लिंगी प्रथमेचं आहे. दोन्ही रूपं दिसायला एक असली तरी कामं वेगळी आहेत. मी बरीच वर्षं जर्मन शिकवते आणि जवळपास प्रत्येक तुकडीत कुणीतरी नेमकं इथेच अडतं.

मराठीत विभक्तीची खूण नामाच्या शेवटी लागते. ‘नात’चं आधी ‘नाती’ होतं, मग त्याला ‘ला’ चिकटतो. जर्मनमध्ये ‘एंकेलिन’ हा शब्द तसाच राहतो आणि त्याच्या आधीचं आर्टिकल बदलतं. म्हणजे आपल्या ‘ला’चं काम तिथे ‘डेर’ करतं. म्हणून जर्मन वाक्य वाचताना नजर शब्दाच्या शेवटाकडे नाही, सुरुवातीच्या त्या छोट्या शब्दाकडे हवी.

आता तुमचं वाक्य घ्या. ‘शेंकेन’ म्हणजे भेट देणे. या क्रियापदाला तीन जणांची गरज असते: देणारा, घेणारा आणि दिलेली वस्तू. जर्मन प्रश्न विचारून बघा. वेअर, कोण देतं? आजोबा: प्रथमा, नॉमिनाटिव्ह. वेम, कोणाला? नातीला: चतुर्थी, डाटिव्ह. वास, काय? अंगठी: द्वितीया, आक्कुझाटिव्ह. वस्तूऐवजी माणूस असता तर शेवटचा प्रश्न ‘वेन’ झाला असता. वेअर, वेन, वेम हे प्रश्नच लक्षात ठेवा, कारण पुल्लिंगी आर्टिकलं त्यांच्याच चालीवर जातात: डेर, डेन, डेम.

‘आइनेन’ कुठून आलं तेही यातच दिसतं. अंगठी मराठीत स्त्रीलिंगी असली तरी ‘रिंग’ जर्मनमध्ये पुल्लिंगी आहे. ‘एक अंगठी’ प्रथमेत ‘आइन रिंग’, द्वितीयेत ‘आइनेन रिंग’. ‘डेन’मधला शेवटचा ‘न’ इथे ‘आइन’ला येऊन लागला. द्वितीयेत बदलतं ते फक्त पुल्लिंगी एकवचन. आजोबांनी पुस्तक दिलं असतं तर ‘बूख’ नपुंसकलिंगी म्हणून ‘आइन बूख’ तसंच राहिलं असतं. घड्याळ, म्हणजे ‘ऊर’, स्त्रीलिंगी. तिथे ‘आइने ऊर’, तेही न बदलता.

चतुर्थीत मात्र सगळेच बदलतात. पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी दोघांचं ‘डेम’ होतं, स्त्रीलिंगी ‘डी’चं ‘डेर’. अनेकवचनी ‘डी’चं ‘डेन’ होतं आणि बहुतेक वेळा नामालाही ‘न’ लागतो: ‘डी किंडर’ म्हणजे मुलं, ‘डेन किंडर्न’ म्हणजे मुलांना. नाम बदलत नाही असं मी वर म्हटलं, त्याला हा एक अपवाद.

शंका आली की मी विद्यार्थ्यांना एक चाचणी करायला लावते. त्या जागी पुल्लिंगी शब्द घालून बघा. चारही विभक्त्यांत वेगवेगळं रूप दाखवतं ते एकटं पुल्लिंगी एकवचन. बाकीच्यांची रूपं एकमेकांत मिसळतात. नातीच्या जागी नातू आणा: ‘डेर ग्रोसफाटर शेंक्ट डेम एंकेल आइनेन रिंग’. ‘डेम’ आलं, म्हणजे ती जागा चतुर्थीची. मग तिथे स्त्रीलिंगी शब्दाला ‘डेर’च हवं.

मराठी माणसाची खरी फसगत पुढे होते, आणि ती आपल्या ‘ला’ आणि ‘ना’मुळे. आपण आजोबांना अंगठी देतो, आजोबांना बघतो, आजोबांना विचारतो आणि आजोबांना मदतही करतो. चारही ठिकाणी ‘आजोबांना’. जर्मनमध्ये मात्र बघणं आणि विचारणं यांना द्वितीया लागते: ‘इश झेए डेन ग्रोसफाटर’, ‘इश फ्रागे डेन ग्रोसफाटर’. मदतीला चतुर्थी: ‘इश हेल्फे डेम ग्रोसफाटर’. आभार मानताना तर आपण ‘आजोबांचे’ म्हणतो, तिथेही जर्मन चतुर्थीच घेतं: ‘इश डांके डेम ग्रोसफाटर’. इथे मराठीवरून अंदाज बांधता येत नाही. क्रियापद वहीत उतरवतानाच त्याच्या शेजारी विभक्ती लिहा. नुसतं ‘हेल्फेन, मदत करणे’ एवढं लिहिलंत तर काम अर्धंच झालं.

राहिली षष्ठी, गेनिटिव्ह. प्रश्न ‘वेसेन’, कोणाचं? पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी ‘डेस’, स्त्रीलिंगी आणि अनेकवचनी ‘डेर’. पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी एकवचनी नामाला बहुधा शेवटी ‘स’ किंवा ‘एस’ही लागतो. आपल्याकडे चा, ची, चे हे मालकीच्या वस्तूवर ठरतं: काकांचा शर्ट, काकांची अंगठी, काकांचे पुस्तक. जर्मनमध्ये ते मालकावर ठरतं. वस्तू कोणतीही असो, काकांचं म्हटलं की ‘डेस ओंकेल्स’ आणि आजीचं म्हटलं की ‘डेर ग्रोसमुटर’. अंगठी स्त्रीलिंगी वाटते म्हणून ‘डेर ओंकेल’ लिहिलेलं मी अनेक वह्यांत खोडलं आहे.

आता तुमचंच वाक्य थोडं वाढवू. आजोबा नातवाला काकांची अंगठी भेट देतात: ‘डेर ग्रोसफाटर शेंक्ट डेम एंकेल डेन रिंग डेस ओंकेल्स’. डेर, डेम, डेन, डेस: चारही विभक्त्या एका वाक्यात, आणि प्रत्येकीचं आर्टिकल वेगळं. नातवाऐवजी नात आणि काकांऐवजी आजी आणली की हेच वाक्य असं होतं: ‘डेर ग्रोसफाटर शेंक्ट डेर एंकेलिन डेन रिंग डेर ग्रोसमुटर’. तीन ‘डेर’ आणि तीन वेगळ्या विभक्त्या: पहिला प्रथमा, दुसरा चतुर्थी, तिसरा षष्ठी. हे वाक्य पाठ करा आणि प्रत्येक ‘डेर’च्या जागी पुल्लिंगी शब्द घालून त्याची विभक्ती ओळखा.

आर्टिकल एवढं काम करतं म्हणून शब्द हलवताही येतात. ‘डेर एंकेलिन शेंक्ट डेर ग्रोसफाटर डेन रिंग’ असं म्हटलं तरी देणारे आजोबाच. फक्त जोर नातीवर आला, जसं आपण ‘नातीला आजोबा अंगठी देतात’ म्हणतो. क्रियापद मात्र दुसऱ्या जागेवरून हलत नाही. इथे पहिलाच शब्द ‘डेर’ दिसला म्हणून नातीला कर्ता समजू नका. ‘एंकेलिन’ स्त्रीलिंगी आहे, आणि स्त्रीलिंगी नामाआधीचं ‘डेर’ प्रथमेचं कधीच नसतं.

बोलण्यात षष्ठीऐवजी बऱ्याचदा ‘फॉन’ आणि चतुर्थी ऐकू येईल: ‘डेर रिंग फॉन डेर ग्रोसमुटर’, ‘डेर रिंग फॉम ओंकेल’. यातलं ‘फॉम’ म्हणजे ‘फॉन’ आणि ‘डेम’ एकत्र आलेलं रूप. लिहिताना, निदान परीक्षेत, ‘डेस ओंकेल्स’ लिहा.