आमच्या दोघांचं एकदम काही झालं, तर मुलांचं कोण?

प्रश्न: मुलगी नऊ वर्षांची, मुलगा चार. वर्षातून तीन-चारदा आम्ही दोघंच समृद्धी महामार्गाने मुंबईला जातो, मुलं सासूबाईंजवळ असतात. यजमानांनी मृत्युपत्रात मुलांचे पालक म्हणून माझ्या भासऱ्यांचं नाव लिहून ठेवलंय. मला वाटतं, मुलं माझ्या ताईकडे जास्त रमतील. मी माझ्या मृत्युपत्रात ताईचं नाव लिहिलं तर चालेल का? की त्यावरून भांडण होईल?

हा प्रश्न घेऊन बाई माझ्याकडे एकट्या आल्या होत्या. पुढच्या वेळी मी दोघांनाही बोलावलं, कारण तोडगा दोघांच्या कागदांत मिळून होता. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून त्यांच्या परवानगीने लिहितेय.

मी दोघांसमोर आधी कायद्याचा क्रम मांडला. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६ चा आहे, आणि बौद्ध, जैन, शीख कुटुंबांनाही तोच लागू होतो. त्याचं कलम ९ वडिलांना मृत्युपत्राने पालक नेमू देतं. पण वडील आधी गेले आणि आई मागे राहिली, तर त्या नेमणुकीला अर्थ राहत नाही, कारण आई स्वतःच पालक असते. पुढे आई कुणालाही न नेमता गेली, तरच वडिलांनी लिहिलेलं नाव पुन्हा जिवंत होतं. तिने मृत्युपत्रात दुसरं नाव लिहिलं असेल, तर तिचं चालतं.

आता या दोघांचं बघा. अपघात झाला, यजमान जागीच गेले आणि बाई दवाखान्यात दोन तासांनी गेल्या, तर पालक ताई. उलट झालं, तर भासरे. म्हणजे मुलं कुठे वाढणार हे मृत्यूच्या दाखल्यावरच्या वेळेवर ठरणार. एकाच वेळी दोघं गेले तर काय, असं यजमानांनी विचारलं. वारसाहक्काच्या कायद्यात अशा वेळी वयाने लहान असलेली व्यक्ती मागे राहिली असं धरतात, पण ते मालमत्तेच्या वारशासाठी. मुलांच्या पालकत्वासाठी त्यावर विसंबू नका, असं मी स्पष्ट सांगितलं. नाव चालेल, पण भांडणाचं बीज दोन वेगळ्या नावांतच आहे. दोघांच्या मृत्युपत्रांत एकच नाव असलं, तर कोण आधी गेलं हा प्रश्नच उरत नाही.

मग नाव कुणाचं? इथे दोघंही अडले. यजमान म्हणाले, "दादा माझ्या बाबांच्या जागी आहेत. वर्धेला घर आहे, शेती आहे, पैशाचा हिशेब त्यांच्याइतका चोख कुणाचा नाही." बाई गप्प राहिल्या. मी दोघांना एकेक कोरा कागद दिला आणि सांगितलं, तुम्ही नाहीत असं धरून मुलांचा एक साधा मंगळवार लिहा. सकाळी कोण उठवतं, डबा कोण भरतं, शाळेत कोण सोडतं, रात्री कुणाशेजारी झोपतात. यजमानांनी लिहायला घेतलं, आणि मुलाचा रात्रीचा नेब्युलायझर कोण लावणार इथे हात थांबला. मुलाला दम्याचा त्रास आहे. दादांच्या घरी ते यंत्र कुणी हाताळलेलं नाही. नागपुरातच मानेवाड्याला राहणाऱ्या मावशीला मास्क कसा धरायचा, औषध किती घालायचं, हे पाठ आहे, कारण पावसाळ्यात तो अनेकदा तिच्याकडेच असतो. शिवाय मुलीची शाळाही बदलावी लागणार नव्हती.

तरी यजमानांची बाजू खोटी नव्हती. पैशाच्या बाबतीत दादाच जास्त भरवशाचे, हे बाईंनाही मान्य होतं. कायदा इथे सोय देतो आणि बहुतेकांना ती माहीत नसते: मुलांच्या देखभालीसाठी एक पालक आणि मालमत्तेसाठी दुसरा, असं नेमता येतं. ठरलं ते असं. मुलं मावशीकडे, फ्लॅट आणि ठेवी दादांच्या देखरेखीखाली.

अशी वाटणी फसते ती एकाच ठिकाणी. सांभाळणारीला दर महिन्याला हात पसरावा लागतो आणि वर्षभरात नाती तुटतात. म्हणून वकिलांना सांगून दोन्ही मृत्युपत्रांत लिहवून घेतलं की शाळा, औषधपाणी आणि घरखर्चाची रक्कम मालमत्तेच्या पालकाने दर महिन्याच्या सुरुवातीला मावशीच्या खात्यात जमा करावी आणि वर्षातून एकदा हिशेब दाखवावा. फ्लॅट मात्र दादांनाही स्वतःच्या मर्जीने विकता येणार नाही. अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या मुलाची स्थावर मालमत्ता विकायला किंवा गहाण टाकायला न्यायालयाची आधी परवानगी लागते, आणि मृत्युपत्राने नेमलेल्या पालकालाही ते बंधन आहे. हे ऐकून बाईंचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला.

"मावशी आणि काका" असं जोडप्याचं नाव घालू नका, असं मी आग्रहाने सांगते. त्या जोडप्याचं पटेनासं झालं तर मुलं मधे लोंबकळतात. एक व्यक्ती लिहा, आणि ती नसली किंवा तिने नकार दिला तर दुसरी. या दोघांनी दुसरं नाव बाईंच्या मामेबहिणीचं घातलं. आणि ज्याचं नाव घालणार त्याला आधी विचाराच. ताईने होकार द्यायला आठवडा घेतला, तिच्या यजमानांशी बोलली, हे मला फार आवडलं. झटक्यात "हो" म्हणणाऱ्याची मला जास्त काळजी वाटते.

सासूबाईंना सांगणं सगळ्यात अवघड होतं. "आमच्या घराची लेकरं दुसऱ्याकडे कशी?" हा त्यांचा पहिला प्रश्न. त्यांच्याशी मी वेगळं बसले. नातवंडं दर सुटीला वर्धेला येतील हे मृत्युपत्रातच लिहिलंय, हे त्यांना दाखवलं. त्या उद्या कौटुंबिक न्यायालयात गेल्या तर? जाऊ शकतात. तिथे मुलांचं हित सर्वांत वर धरतात, मृत्युपत्रातल्या नावाच्याही वर. नेमलेला पालक अयोग्य ठरला तर न्यायालय त्याला काढू शकतं. पण आईवडिलांची इच्छा न्यायाधीश विचारात घेतात, आणि मूल समजत्या वयाचं असेल तर त्यालाही विचारतात. म्हणून मृत्युपत्रात नुसतं नाव न लिहिता दोन ओळी कारण लिहायला मी सांगते. इथे लिहिलं: "मुलाच्या दम्याची रोजची काळजी त्याच्या मावशीने लहानपणापासून घेतली आहे, आणि दोन्ही मुलांची शाळा तिच्या घराजवळ आहे." नुसतं "ती प्रेमळ आहे" लिहिण्यापेक्षा याला वजन असतं.

दोघांची मृत्युपत्रं वेगवेगळी केली. प्रत्येकावर करणाऱ्याची सही आणि ती सही होताना पाहणाऱ्या दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. ताई किंवा दादांना साक्षीदार केलं नाही, पुढे कुणी बोट दाखवायला नको म्हणून. नोंदणी सक्तीची नसते, पण या घरात सासूबाईंची नाराजी होती, म्हणून दुय्यम निबंधकांकडे ती करून घ्या असं मी म्हटलं आणि त्यांनी केली.

एक गोष्ट शेवटच्या बैठकीत निघाली. यजमानांच्या विमा पॉलिसीत नॉमिनी मुलगी होती, आणि ती अज्ञान असल्याने रक्कम स्वीकारायला नेमलेली व्यक्ती होते तिचे आजोबा. ते मागच्या वर्षी वारले. ते नाव कुणी बदललंच नव्हतं. त्याच आठवड्यात यजमानांनी शाखेत जाऊन तिथे दादांचं नाव घातलं, आणि मूळ मृत्युपत्रं कोणत्या कपाटात आहेत हे ताई आणि दादा दोघांनाही सांगून ठेवलं.