मुलाची अध्ययन-चाचणी : नवऱ्याची परवानगी लागते का?

प्रश्न : मी ठाण्यात माहेरी राहते. हिंदू विवाह कायद्याखाली आमचा घटस्फोटाचा दावा कुटुंब न्यायालयात चालू आहे. मुलगा तेरा वर्षांचा, आठवीत, माझ्याकडेच असतो. त्याला अध्ययन अक्षमता असावी, तपासून घ्या, असं शाळेने सांगितलंय. अपॉइंटमेंट घ्यायला फोन केला तर म्हणाले, दोघं पालक या आणि जुने रिपोर्ट आणा. नवरा म्हणतो, माझ्या परवानगीशिवाय चाचणी केलीस तर कोर्टात बघून घेईन. मुलाची जुनी फाईलही नवऱ्याकडेच आहे. काय करू?

उत्तर : अपॉइंटमेंट आजच घ्या, आणि पालक म्हणून नाव तुमचं द्या. अशा चाचणीसाठी आईवडील दोघांची सही हवीच, असं कायदा म्हणत नाही. वडील हे नैसर्गिक पालक, हा मुद्दा ते काढतील. पण मुलाची प्रत्यक्ष जबाबदारी वडिलांकडे नसेल, तर ते हयात असतानाही आई नैसर्गिक पालक म्हणून निर्णय घेऊ शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने गीता हरिहरन खटल्यात १९९९ साली स्पष्ट केलं आहे. एक गोष्ट मात्र आधी वकिलांकडून तपासून घ्या. शिक्षण आणि उपचारांचे निर्णय दोघांनी मिळून घ्यावेत, असा अंतरिम आदेश तुमच्या दाव्यात झाला असेल, तर तो पाळावाच लागेल.

तसा आदेश नसेल, तर नवऱ्याला परवानगी मागू नका, लेखी कळवा. "शाळेच्या सूचनेवरून चि. ची अध्ययन-चाचणी अमुक तारखेला, अमुक रुग्णालयात ठरली आहे. आपण यावे. येणे शक्य नसल्यास माहितीचा फॉर्म भरून पाठवावा आणि जुन्या तपासण्यांच्या प्रती द्याव्यात." एवढंच लिहा, आरोपाचा एकही शब्द नको. हा मेसेज जपून ठेवा. उद्या "मला अंधारात ठेवलं" असं ते म्हणाले, तर तुमच्या हातात हेच असेल.

चाचणीला तुम्हीच जा, कारण रोजचा अभ्यास तुम्ही घेता. अक्षरं कुठे उलटी होतात, धडा तोंडी येतो पण लिहिता का येत नाही, हे तुम्ही सांगू शकता. वडिलांना बोलावण्यामागे डॉक्टरांचं खरं कारण आहे. वाचन-लेखनाची अडचण बऱ्याचदा घराण्यात असते, म्हणून त्यांचं स्वतःचं शालेय शिक्षण कसं झालं हे विचारतात. शिवाय माहिती दोघांकडून आली, तर अहवाल एकतर्फी असल्याचा आक्षेप टिकत नाही. एकत्र बसणं जमणार नसेल, तर दोघांशी वेगवेगळ्या दिवशी बोलावं, असं चाचणी केंद्राला आधीच सांगा.

कागदांत सगळ्यात आधी डोळ्यांची आणि कानांची ताजी तपासणी हवी. दिसण्या-ऐकण्यात दोष नाही ना, हे पाहिल्याशिवाय तज्ज्ञ अध्ययन अक्षमतेच्या निष्कर्षाला येत नाहीत. जुन्या फाईलसाठी अडून बसू नका, या दोन्ही तपासण्या नव्याने करून घ्या. जन्माच्या वेळचे कागद ज्या रुग्णालयात असतील, तिथे प्रतींसाठी लेखी अर्ज द्या. अर्ज आल्यापासून ७२ तासांत प्रती द्याव्यात, असा डॉक्टरांच्या आचारसंहितेचा नियम आहे. शाळेकडून पत्र, पहिलीपासूनची प्रगतिपुस्तकं आणि त्याच्या हस्ताक्षरातल्या वह्या व उत्तरपत्रिका घ्या. गुणांपेक्षा चुका कशा होतात हे तज्ज्ञांना पाहायचं असतं, म्हणून वही नीटनेटकी करून नेऊ नका. आधी बुद्ध्यांक चाचणी झाली असेल तर तारखेसह सांगा. तीच चाचणी थोड्या काळात पुन्हा दिली, तर सरावाने गुण वाढू शकतात.

घटस्फोटाचा अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं मात्र घरीच ठेवा. ताब्याचा आदेश असेल तर तेवढी प्रत न्या. "वडील दुरावल्यामुळे असं झालं" असं वाक्य अहवालात यावं, असा आग्रह डॉक्टरांकडे चुकूनही धरू नका. अहवाल मुलाबद्दल आहे. त्यात नवराबायकोचं भांडण शिरलं, की न्यायालयात त्याची किंमत कमी होते आणि शाळेतही तो दाखवायला अवघड जातो.

केंद्र निवडताना फोनवरच विचारा, की तुमचं प्रमाणपत्र बोर्ड मान्य करतं का. खाजगी अहवालाचा उपचारात्मक शिकवणीला उपयोग होतो, पण दहावीत जादा वेळ किंवा लेखनिक हवा असेल तर शासनाने अधिकृत केलेल्या रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात असा विभाग आहे. तिथे एका फेरीत काम होत नाही आणि नंबर लागायलाही वेळ जातो, म्हणून आठवीतच सुरुवात करा. चाचणी मुलाच्या शिक्षणाच्या माध्यमातच व्हायला हवी, हेही नोंदणीच्या वेळी सांगा.

एवढं करूनही नवऱ्याने केंद्राला धमकीचं पत्र पाठवलं आणि केंद्र कचरलं, तर चालू दाव्यातच हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली अर्ज करा. मुलाच्या शिक्षणाबाबतचा असा अर्ज, समोरच्याला नोटीस पोचल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, असं त्याच कलमात म्हटलं आहे. अर्जाला शाळेचं पत्र आणि नवऱ्याला पाठवलेला तो मेसेज जोडा.