मावा पडलेल्या भाजीच्या झाडांवर घरचा साबण-तेलाचा फवारा

प्रश्न: गच्चीवर कुंड्यांत मिरची, चवळी आणि वांगी लावली आहेत. शेंड्यांवर बारीक किडे चिकटलेत, पानं वाकडी होतायत. विकतचं विषारी औषध नको आहे. स्वयंपाकघरातल्या वस्तूंपासून घरी फवारणी कशी करायची? ती खाण्याच्या भाजीवर चालते का, आणि खरंच गुण येतो का?

उत्तर:

गुण येतो, पण ठरावीक किडींवरच. म्हणून काहीही कालवण्याआधी पान उलटं करून नीट बघा. शेंड्यावर, कोवळ्या शेंगेवर किंवा पानाच्या मागे हिरवे-काळे, टाचणीच्या डोक्याएवढे मऊ किडे दाटीवाटीने बसले असतील, हात लावला तर चिकट लागत असेल आणि देठावरून मुंग्यांची ये-जा चालू असेल, तर तो मावा. मुंग्या त्याच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड चिकट रसासाठी येतात आणि त्या बदल्यात त्याची राखण करतात. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके असतील तर ते पिठ्या ढेकूण. झाड हलवल्यावर पांढरे चिलटासारखे किडे उडाले तर पांढरी माशी. या तिन्ही मऊ अंगाच्या रसशोषक किडी आहेत आणि घरचा फवारा कामाचा आहे तो मुख्यतः यांच्यावर. पिठ्या ढेकणाच्या अंगावर मेणचट कापूस असतो, तो आधी जुन्या दातब्रशने किंवा ओल्या फडक्याने पुसून काढावा लागतो, नाहीतर पाणी आत पोचतच नाही.

लोक लसूण, मिरची, आलं, हळद, ताक असं बरंच काही एकत्र करतात. माझा अनुभव आणि समज असं सांगते की त्या सगळ्यात किडा मारायचं काम मुख्यतः साबण करतो. साबणाचं पाणी माव्याच्या अंगावरचं मेणासारखं आवरण विरघळवतं, आतल्या पेशी फोडतं आणि किडा सुकून मरतो. हे फक्त ओलं असेपर्यंत घडतं. पानावर वाळलेल्या साबणावरून उद्या किडा चालत गेला तर त्याला काहीही होत नाही. फवाऱ्याचं सगळं बळ आणि सगळी मर्यादा या एकाच गोष्टीत आहे: भाजीवर विष उरत नाही, पण जो किडा भिजला नाही तो वाचतो.

साबण कुठला, हे महत्त्वाचं. कपड्यांची पावडर, भांड्यांचा लिक्विड आणि बऱ्याचशा धुण्याच्या वड्या म्हणजे डिटर्जंट असतो. त्याने पानाचं स्वतःचं मेणही निघून जातं आणि कडा करपतात. अंगाच्या साबणाच्या वेष्टनावर ‘टॉयलेट सोप’ आणि टीएफएम ७६ टक्के किंवा जास्त असं छापलेलं असेल तर तो घ्या. टीएफएम म्हणजे साबणातला तेला-चरबीतून आलेला भाग. ‘बेदिंग बार’ लिहिलेली वडी टाळा. रंग आणि वास जितका कमी तितका बरा.

एक लिटर पाण्याला ५ ग्रॅम साबण पुरतो, म्हणजे शंभर ग्रॅमच्या वडीचा विसावा तुकडा. तो किसणीवर किसून कपभर गरम पाण्यात पूर्ण विरघळवा. त्यात एक चहाचा चमचा, म्हणजे साधारण ५ मिली, कडुनिंबाचं तेल घाला. ते नसेल तर करडईचं किंवा सोयाबीनचं खायचं तेल चालतं; तेलाच्या पातळ थराने किड्याची श्वास घ्यायची छिद्रं बुजतात. हे झाकणाच्या बरणीत दुधासारखं पांढुरकं होईपर्यंत जोरात हलवा आणि मग बाकीचं पाणी हळूहळू घाला. पाच मिनिटांनी वर तेलाचा तवंग दिसला तर ते तसंच फवारू नका, कारण जिथे सुटं तेल पडेल तिथे पानावर डाग पडून ते जळतं. पुन्हा घुसळा, किंवा तेल वगळून नुसतं साबणाचं पाणी वापरा. नुसत्या साबणाच्या पाण्यानेही मावा मरतो.

बोअरचं किंवा टँकरचं पाणी जड असेल तर साबणाचा फेस होत नाही, वर पांढऱ्या दह्यासारखी साय धरते. तो साबण वाया गेला असं समजा. किडा मरणार नाही आणि स्प्रे बाटलीचं तोंडही तुंबेल. त्यासाठी साठवलेलं पावसाचं पाणी किंवा आरओ फिल्टरचं पाणी घ्या. घरी केलेला फवारा फसतो तेव्हा अनेकदा खरं कारण हे पाणीच असतं, आणि लोक लसूण कमी पडला म्हणून वाढवत बसतात.

आमच्या चवळीवर काळा मावा पडतो तेव्हा मी काय करते ते सांगते. संध्याकाळी ऊन उतरलं की आधी नळीच्या जोरदार धारेने शेंडे आणि पानांची मागची बाजू धुते, म्हणजे बराचसा मावा खालीच पडतो. जो शेंडा पूर्ण काळा झालेला असतो तो खुडून साबणाच्या पाण्यात बुडवते. पाणी निथळलं की फवारा मारते, पानाखालून वर, पाणी टपकेपर्यंत. झाडाला सकाळी पाणी घातलेलं असायला हवं. तहानलेल्या झाडावर कुठलाही फवारा मारू नये. दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत झाड साध्या पाण्याने धुऊन टाकते, म्हणजे साबण-तेलाचा थर पानावर तापत राहत नाही.

मावा मेला की नाही हे रंगावरून कळतं. मेलेला किडा तपकिरी, सुकलेला असतो आणि बोटाने झटकला की गळून पडतो. जिवंत किडा फुगीर असतो, काडीने टोचलं की पाय हलवतो. पानावर जी पांढरी टरफलं दिसतात ती माव्याने टाकलेली कात असते. तिला नवी कीड समजून परत फवारू नका. माव्याची मादी नराविना थेट पिल्लं घालते आणि उबदार हवेत आठवडाभरात ती पिल्लंही वितात. म्हणून एकदा मारून भागत नाही. चार-पाच दिवसांच्या अंतराने तीन वेळा मारा. त्याहून जास्त वेळा मारायची वेळ आली तर फवारा बाजूला ठेवा आणि झाडाकडे बघा: मुंग्या अजून आहेत का, शेणखत किंवा युरिया जास्त पडून कोवळी लुसलुशीत वाढ होतेय का. अशा वाढीवर मावा हटकून येतो.

त्याच झाडावर काळी-नारिंगी, काटेरी, इवल्या मगरीसारखी अळी फिरताना दिसली तर तिला हात लावू नका. ती लाल ढालकिड्याची अळी, म्हणजे माव्याचा काळ. साबण तिलाही मारतो. चार-सहा अळ्या दिसल्या तर मी फवारणी थांबवते, नुसत्या पाण्याने धुते आणि बाकीचं तिच्यावर सोडते. फुलं उमलली असतील तर फुलांवर फवारू नका. मधमाश्या परतल्यावर, संध्याकाळीच मारा.

आता जपायच्या गोष्टी. पहिल्यांदा दोन-तीन पानांवरच फवारा आणि दोन दिवस थांबा. काकडी-दोडक्यासारख्या वेलांची पानं आणि कोवळी रोपं लवकर करपतात. भर उन्हात किंवा पारा बत्तीसच्या वर असताना मारू नका. कोथिंबीर, मेथी, पालक यांच्यावर मी साबण मारतच नाही. ती पानं आपण सबंध खातो, तिथे पाण्याची धार आणि खुडणं बरं. मिरच्या-शेंगा तोडायच्या असतील तर फवारणीआधी तोडा, नंतर तोडलेल्या वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. मिश्रण त्याच दिवशी संपवा. फिनाईल, तणनाशक किंवा डासांचं औषध भरलेली जुनी स्प्रे बाटली वापरू नका, आणि उरलेलं मिश्रण पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरून ठेवू नका. घरात लहान मूल असेल तर ही चूक फार महाग पडते.

लसूण-मिरचीचं पाणी करायचंच असेल तर त्याने किडे मरत नाहीत हे धरून चाला. उग्र वासाने ते एखादा दिवस दूर राहतात, मग पाऊस पडला किंवा झाड भिजलं की परिणाम संपला. मिरची वाटताना आणि फवारताना वाऱ्याकडे पाठ करा, डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे आणि तोंडावर फडकं हवंच. दमा असलेलं माणूस घरात असेल तर हा प्रकार करूच नका.

तंबाखूचा काढा मात्र कधीही करू नका, कुणी कितीही सांगितलं तरी. निकोटीन हे जहाल विष आहे, कातडीतूनही शरीरात जातं. शिवाय मिरची आणि टोमॅटो तंबाखूच्याच कुळातले. तंबाखूच्या पानातून त्यांना मोझॅक नावाचा विषाणू लागू शकतो. व्हिनेगर आणि मिठाचं पाणीही नको, त्यांनी किड्याआधी झाड मरतं.

तुम्ही म्हणता पानं वाकडी होतायत, त्यात आणखी एक शक्यता आहे. मिरचीची पानं कडेने वरच्या बाजूला वाटीसारखी वळली असतील तर बहुधा फुलकिडे, खाली वळली असतील तर कोळी कीड. दोन्ही इतके बारीक की पांढऱ्या कागदावर शेंडा झटकून भिंगाने बघावं लागतं. यांच्यावर साबण-तेल थोडंफार चालतं, पण ते कळ्यांत आणि शेंड्याच्या घडीत लपतात, म्हणून माव्याइतकी खात्री नाही. एकदा वळलेलं पान पुन्हा सरळ होत नाही. गुण आला की नाही हे नव्या पानावरून ठरवा. नवी पानंही बारीक, पिवळसर, चुरगळलेली येत असतील आणि झाड खुरटलं असेल तर तो विषाणूचा बोकड्या रोग आहे. त्यावर घरचा काय, विकतचाही उपाय नाही. ते झाड उपटून पिशवीत बांधून टाका, नाहीतर पांढरी माशी तो शेजारच्या कुंडीत नेते.

वांग्याचा एखादाच शेंडा दुपारी मान टाकत असेल आणि सकाळीही उभा राहत नसेल, तर आत शेंडा पोखरणारी अळी आहे. ती देठाच्या आत बसलेली असल्याने तिथे कुठलाही घरचा फवारा पोचत नाही. कोमेजलेल्या भागाच्या बोटभर खाली कापा, देठ चिरून अळी सापडते का बघा, आणि तो तुकडा कंपोस्टमध्ये न टाकता साबणाच्या पाण्यात बुडवा. भोक पडलेलं वांगंही झाडावर ठेवू नका. आठवड्यातून दोनदा असे शेंडे तपासून काढले तर गच्चीवरच्या दहा-बारा झाडांना तेवढं पुरतं.