पासवर्ड वडिलांनीच टाकला होता

“माझ्या मुलाने माझ्या कार्डवरून गेममध्ये न विचारता खरेदी केली. स्टोअरला तक्रार लिहायला बसले आहे. घरच्याच मुलाने केलं असं लिहिलं तर पैसे देणार नाहीत ना? कुणीतरी परक्याने कार्ड वापरलं, असं लिहू का?”

तसं लिहू नका. हाच प्रश्न घेऊन आलेल्या एका वडिलांचं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

त्यांचा मुलगा दहा वर्षांचा. एका संध्याकाळी चौदा मिनिटांत सहा खरेद्या झाल्या होत्या, सगळ्या एकाच गेममधल्या रत्नांच्या. वडिलांनी मसुदा लिहून आणला होता : “माझं कार्ड हॅक झालं आहे.” मुलगा शेजारीच बसून वाचत होता. मी त्यांना विचारलं, स्टोअरला त्यांच्या बाजूने काय दिसत असेल? नेहमीचा फोन, नेहमीचं खातं, बरोबर टाकलेला पासवर्ड. या नोंदींपुढे हॅकची गोष्ट टिकत नाही. शिवाय परक्याने केलेल्या फसवणुकीची वाट वेगळी असते : कार्ड बंद करा, बँकेकडे तक्रार करा. बँकेने रक्कम अडवली की स्टोअर पुष्कळदा परताव्याची मागणी बाजूला ठेवतं, कधी खातंच गोठवतं. म्हणून आधी स्टोअर, तिथे दाद लागली नाही तरच बँक.

मग खरं काय घडलं ते शोधायला बसलो. पावत्यांच्या ईमेलवर वेळ असते. पहिली खरेदी सर्वांत लहान होती, आणि तिच्यासाठी वडिलांनी स्वतःच पासवर्ड टाकला होता. कामाच्या गडबडीत ते विसरून गेले होते. पुढच्या पाच त्यानंतर लगोलग झाल्या. एकदा पासवर्ड टाकला की काही मिनिटं तो पुन्हा विचारायचा नाही, अशी सेटिंग फोनवर होती. हा प्रकार जुना आहे. ॲपलवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने याच कारणासाठी कारवाई केली होती : पासवर्डनंतरची पंधरा मिनिटं मुलं मोकळेपणाने खरेदी करत, आणि पालकांना त्या मुदतीची कल्पना नसे. २०१४ साली कंपनीने किमान ३ कोटी २५ लाख डॉलर परत करायचं मान्य केलं.

हे कळल्यावर वडिलांचा चेहरा उतरला. मला मात्र इथेच तक्रारीचा कणा सापडला. परवानगी एका खरेदीला होती, पाचांना नव्हती.

त्यांनी नव्याने लिहायला घेतलं. “मुलाला काहीच कळत नव्हतं,” हे वाक्य आलं तेव्हा मुलगा हळूच म्हणाला, “थोडं कळत होतं. पण रत्नं घेतली की पैसे जातात हे दर वेळी लक्षात नाही आलं.” वाक्य खोडलं. एवढं धाडस करून तो खरं बोलला होता, ते मला त्या पैशांहून मोलाचं वाटलं. शेवटी मजकूर असा झाला :

“माझ्या दहा वर्षांच्या मुलाने माझ्या परवानगीशिवाय पाच खरेद्या केल्या. ऑर्डर क्रमांक, तारीख, वेळ आणि रक्कम खाली दिली आहे. त्याआधीची एक खरेदी मी स्वतः मंजूर केली होती; तिचा परतावा मागत नाही. त्या मंजुरीनंतर पासवर्ड पुन्हा विचारला गेला नाही. आता प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल अशी सेटिंग केली आहे. पाचही खरेद्यांचा परतावा मिळावा. मिळालेली रत्नं काढून घेण्यास आमची हरकत नाही.”

रागाचा एकही शब्द नाही, कार्डाचा क्रमांकही नाही. तो स्टोअरच्या मदत केंद्राला कधीच कळवू नये. घाई मात्र करावी. गूगल प्लेवर पहिले ४८ तास परतावा थेट स्टोअरकडे मागता येतो, नंतर बहुधा गेम बनवणाऱ्या कंपनीकडे जावं लागतं. वडिलांनी त्याच रात्री प्रत्येक ऑर्डरसाठी वेगळी मागणी केली.

चार मंजूर झाल्या, पाचवी नाकारली गेली. नकाराचं उत्तर ठरावीक साच्यातलं होतं. त्यांनी तोच मजकूर, बाकीच्या चार मंजुरींचा उल्लेख जोडून, पुन्हा पाठवला आणि या वेळी माणसाकडून तपासणी मागितली. आठवड्याने तीही रक्कम आली.

रत्नं गेली, आणि त्यांतून घेतलेला ड्रॅगनही. पुढच्या भेटीत मुलगा त्याच्याबद्दलच बोलत राहिला. ड्रॅगनला नाव ठेवलेलं होतं. वडील मध्ये बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्याने विचारलं, “मी विचारलं असतं तर घेऊ दिला असता?”

“एवढ्याला नाही,” ते म्हणाले.

“म्हणूनच नाही विचारलं,” तो म्हणाला. त्या दिवशी आम्ही यावरच बोलत बसलो.