लेट्यूस दुपारी मान टाकतंय: खत वाढवण्याआधी मुळं बघा

«डिचोलीत गच्चीवर थर्माकोलच्या तराफ्यावर, मातीविना खताच्या पाण्यात लेट्यूस आहे. टाकी १०० लिटरची, पाणी विहिरीचं, ईसी २.१. रोपं सकाळी ताजी असतात, दुपारी मान टाकतात. पीएच रोज साडेसहाच्या वर जातो. खत कमी पडतंय का?»

नाही. ईसी म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं, म्हणजे खताचं मोजमाप, आणि २.१ म्हणजे खत जास्तच झालंय. पण त्याआधी दुपारी दोन वाजता टाकीत थर्मामीटर बुडवा. मे महिन्यात गच्चीवरचं पाणी सहज ३२ अंशांवर जातं. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३२ अंशांना जेमतेम सव्वासात. आणि गरम पाण्यात मुळांना तो जास्त लागतो. ऑक्सिजन कमी पडला की मुळं पाणी ओढत नाहीत, म्हणून पाण्यात उभं असूनही रोप सुकतं.

आता एक रोप उचला आणि मूळ चिमटीत धरून हलकेच ओढा. पांढरं, चिवट असेल तर वेळ आहे. तपकिरी, बुळबुळीत असून साल हातात आली आणि आत दोऱ्यासारखी शीर उरली, तर बहुधा पिथियम या बुरशीसारख्या रोगजंतूची कूज आहे. तसली रोपं काढून टाका, टाकी रिकामी करून घासा. कुजक्या मुळांवर खताचा काही उपयोग होत नाही.

मुळं ठीक असतील तर द्रावण पातळ करा. उन्हाळ्यात लेट्यूसला १.२ ईसी पुरते, कारण रोप खतापेक्षा पाणी जास्त पितं. पातळी उतरत असताना ईसी चढत असेल तर ओळखा की हेच चाललंय. तुमच्या विहिरीच्या पाण्याची ईसी ०.२ धरली, तर ४७ लिटर द्रावण काढून तेवढंच साधं पाणी घाला. ५३ लिटर २.१ चं आणि ४७ लिटर ०.२ चं मिळून १.२ होतं. विहिरीच्या पाण्याची ईसी मात्र आधी मोजा. किनाऱ्याजवळ उन्हाळ्यात ती बरीच वर असू शकते, मग हा हिशेब बदलतो. काढलेलं द्रावण कुंड्यांना पातळ करून घाला.

पीएच चढतो याची एवढी धास्ती नको. रोप नायट्रेट घेतं तेव्हा तो चढतोच. पातळ फॉस्फोरिक आम्लाने ५.८ वर आणा आणि ६.५ पर्यंत जाऊ द्या. दिवसातून दोनदा आम्ल ओतू नका. पीएच ६.५ च्या वरच राहिला तर रोपाला लोह मिळेनासं होतं, कोवळी पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. एरवी चढणारा पीएच अचानक उतरू लागला तर मात्र लगेच मुळं तपासा.

टाकीला बाहेरून थर्माकोल किंवा पांढरा रंग लावा, उजेड आत जाऊ देऊ नका. एअर पंप रात्रंदिवस चालू हवा आणि तो सावलीत ठेवा, नाहीतर गरम हवाच आत जाईल. रोपं मोठी झाल्यावर टाकी काठोकाठ भरू नका. तराफा टेकूवर ठेवून पाण्याच्या वर दोन-तीन बोटं जागा सोडा. तिथली मुळं ओलसर हवेतून ऑक्सिजन घेतात. वीज गेली की तीच तासभर रोप तगवतात, आणि आपल्याकडे पावसाळ्यात वीज जातेच.