सपोर्ट खचल्यावर मोमेंट डिस्ट्रिब्यूशन

प्रश्न: कंटिन्युअस बीमचा मधला सपोर्ट १० मिमी खचला तर मोमेंट डिस्ट्रिब्यूशन कसं करायचं?

सांधे फिरू न देता आधी फक्त खचण्यामुळे येणारे फिक्स्ड एंड मोमेंट काढा: 6EIΔ/L². हे स्पॅनच्या दोन्ही टोकांना एकाच दिशेने येतात, लोडसारखे उलटसुलट नाही. चिन्हाची गडबड बहुतेक इथेच होते.

समजा AB ६ मी, BC ४ मी, A आणि C फिक्स्ड, EI = १२,००० kN·m², B खाली. घड्याळाच्या दिशेने धन धरा. AB ला दोन्ही टोकांवर −२०, BC ला +४५ kN·m. B वर शिल्लक +२५. डिस्ट्रिब्यूशन फॅक्टर ०.४ आणि ०.६, म्हणून −१० आणि −१५. निम्मे A आणि C कडे जातात. शेवटी A: −२५, B: −३० आणि +३०, C: +३७.५. B वर सॅगिंग आलं, म्हणजे बरोबर: खचलेला सपोर्ट आपलं हॉगिंग सोडतो आणि शेजारच्यांवर ढकलतो.

लोड असेल तर त्याचे फिक्स्ड एंड मोमेंट यातच मिळवून एकदाच वाटप करा. C साधा टेकलेला असेल तर B ला 3EIΔ/L² आणि स्टिफनेस 3EI/L घ्या.

Δ मीटरमध्येच घाला. नुसत्या लोडसाठी EI चं गुणोत्तर चालतं, इथे खरी किंमत लागते. दोन्ही सपोर्ट खचले असतील तर Δ म्हणजे त्यांच्यातला फरक.